पशुखाद्याच्या कंपनीचा बीटा डाय कास्टिंगला लावू नका: मूळ धंद्यापेक्षा जास्त रिस्कच्या प्रोजेक्टचा कॉस्ट ऑफ इक्विटी कसा काढायचा

मी कोल्हापुरात शिरोलीच्या एका कंपनीत फायनान्सला आहे. आमचा मूळ धंदा पशुखाद्याचा, कंपनी शेअर बाजारात लिस्टेड आहे पण लहान. तीन वर्षांपूर्वी मालकांनी ठरवलं की कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत अॅल्युमिनियम डाय कास्टिंगचा प्लांट टाकायचा, म्हणजे मोटारसायकल आणि कारला लागणारे पार्ट. प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे आला. मी कंपनीचा बीटा घेतला, सीएपीएमच्या फॉर्म्युल्यात टाकला, 11.55 टक्के कॉस्ट ऑफ इक्विटी, म्हणजे शेअरहोल्डरला अपेक्षित असलेला परतावा, आला, त्या दरानं पुढचे पैसे आजच्या किमतीत आणून खर्च वजा केला, म्हणजे एनपीव्ही काढला, तो प्लस दाखवला आणि फाइल पुढं पाठवली. मीटिंगमध्ये आण्णांनी, म्हणजे आमच्या जुन्या डायरेक्टरांनी, एकच प्रश्न विचारला, "हा दर कशाचा आहे, भुशाचा का गाडीच्या पार्टचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन आठवडे बसून जे शिकलो ते इथं पायरीपायरीनं लिहितोय, कारण हीच चूक अजून कितीतरी रिपोर्टमध्ये बघतोय.

आकडे आमच्या केसवरूनच आहेत पण बदललेले आणि गोल केलेले आहेत, पद्धत मात्र तीच. जी-सेकचा, म्हणजे सरकारी रोख्याचा, दर तुम्ही करताना त्या दिवशीचा घ्या, माझा नको.

आधी काय काय जमवायचं

- प्रोजेक्टचा खर्च, त्यात कर्ज किती आणि स्वतःचा पैसा किती
- प्रोजेक्टसारखाच धंदा करणाऱ्या चार-सहा लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल
- त्या कंपन्यांच्या शेअरचे 5 वर्षांचे महिन्याचे भाव, बोनस आणि स्प्लिट अॅडजस्ट केलेले
- त्याच काळाचा निफ्टी 500 टीआरआय, म्हणजे डिव्हिडंड धरलेला इंडेक्स
- 10 वर्षांच्या सरकारी रोख्याचा आजचा दर
- एक्सेल

1. आधी हे पटवून घ्या की बीटा पैसा देणाऱ्याचा नसतो, पैसा जिथं जातो त्याचा असतो

सीएपीएम म्हणजे 1964 च्या आसपास विल्यम शार्प वगैरे लोकांनी मांडलेलं गणित:

```
Ke = Rf + beta × (Rm − Rf)
```

रिस्क-फ्री दर, त्यावर बीटा गुणिले बाजाराचा जादा परतावा. यातलं बीटा म्हणजे बाजार एक टक्का हलला की हा धंदा सरासरी किती हलतो. आमच्या कंपनीचा बीटा 0.70 येतो. का? कारण मंदी असो तेजी असो, म्हैस रोज खाते आणि शेतकऱ्याला सरकी पेंड, मका भुसा घ्यावाच लागतो. डाय कास्टिंगचं तसं नाही. पेट्रोल वाढलं, कर्ज महागलं, लोकांनी गाडी पुढच्या वर्षावर ढकलली की ऑर्डर लगेच कमी होते. तो धंदा अर्थव्यवस्थेबरोबर वरखाली होतो.

मी इथंच चुकलो होतो. मला वाटायचं की आपली कंपनी पैसा घालतेय, आपली पत चांगली आहे, म्हणजे आपलाच दर. पण आमचे शेअरहोल्डर आजपर्यंत भुशाची रिस्क घेत होते म्हणून 11.55 टक्क्यात खूश होते. त्यांच्याच पैशातले 24 कोटी, म्हणजे प्रोजेक्टमधला कंपनीचा स्वतःचा हिस्सा, उचलून डाय कास्टिंगला लावले तर त्या 24 कोटींवर त्यांची रिस्क डाय कास्टिंगचीच झाली. तेवढीच रिस्क त्यांना बाजारात ऑटो पार्टचा शेअर घेऊनही घेता आली असती, मग तिथं जेवढा परतावा अपेक्षित असतो तेवढा इथं मागायला पाहिजे.

एक गोष्ट इथंच सांगतो कारण लोक हमखास अडकतात. पशुखाद्यात आमचा नफा वर्षा-वर्षाला भरपूर खालीवर होतो, मक्याचा भाव वाढला की मार्जिन बसतं. ते बघून एक जण म्हणाला होता की मग आपला बीटा जास्त पाहिजे. नाही. मक्याचा भाव पावसावर हलतो आणि निफ्टीशी त्याचा फार संबंध नसतो. नुसतं वरखाली होणं बीटात येत नाही, बाजाराबरोबर होणारं वरखालीच येतं.

2. सारख्या धंद्याच्या लिस्टेड कंपन्या शोधा

आपला प्लांट अजून उभाच नाही, त्याला शेअर भाव नाही, म्हणून बीटा उसना घ्यायचा. ज्यांचा धंदा आपल्या प्रोजेक्टसारखा आहे त्यांच्याकडनं.

नावात 'कास्टिंग' आहे म्हणून घेऊ नका. वार्षिक अहवालात सेगमेंट रिपोर्टिंगची नोट असते, इंड-एएस 108 खालची, ती उघडा आणि बघा की महसुलाचा किती भाग खरंच वाहनांच्या कास्टिंगमधनं येतो. माझा नियम म्हणजे 75-80 टक्क्यांच्या खाली असेल तर सोडून द्यायचं. मला सुरवातीला नऊ नावं मिळाली होती, शेवटी चार उरली. एकीचा अर्धा नफा पवनचक्क्यांचा होता, एक जवळजवळ सगळा माल एक्स्पोर्ट करायची म्हणजे तिची मागणी परदेशातल्या बाजारावर, आणि दोन-तीन अशा की शेअरमध्ये आठवड्यातनं दोन दिवस सौदा होतो.

शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या शेअरमध्ये सौदे कमी, त्याचा भाव बाजाराच्या मागनं हलतो आणि मग गणितात बीटा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. 0.35 असा आकडा कास्टिंग कंपनीला आला तर "वा, सेफ धंदा" म्हणू नका, आधी रोजचा व्हॉल्यूम बघा.

आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या ढीगभर, पण बहुतेक सगळ्या लिस्टेड नाहीत, त्यामुळं शेजारच्या फौंड्रीकडनं मार्जिन आणि रिजेक्शनचे आकडे मिळतील, बीटा नाही मिळणार.

3. प्रत्येकीचा बीटा काढा

दर महिन्याच्या शेवटच्या भावावरनं महिन्याचा परतावा काढा, इंडेक्सचाही तसाच. 60 महिन्यांचे 60 आकडे. बी कॉलममध्ये शेअर, सी कॉलममध्ये इंडेक्स, मग

```
=SLOPE(B2:B61, C2:C61)
=INDEX(LINEST(B2:B61, C2:C61, TRUE, TRUE), 2, 1)
```

पहिली ओळ बीटा देते. दुसरी त्या बीटाचा स्टँडर्ड एरर देते, आणि ही ओळ बहुतेक लोक टाकतच नाहीत. एका कंपनीसाठी एरर 0.25 सहज येतो, म्हणजे 1.20 दिसलं तरी खरा आकडा 0.7 ते 1.7 मध्ये कुठंही असू शकतो. म्हणून एकाच कंपनीच्या बीटावर कधी प्रोजेक्ट ठरवायचा नाही. चार-पाच कंपन्यांचा मधला आकडा घेतला की एकीची चूक दुसरीनं बरीच झाकली जाते.

वेबसाइटवर तयार बीटा मिळतो, पण एक साइट 1 वर्षाचा रोजचा डेटा घेते, दुसरी 5 वर्षांचा महिन्याचा, तिसरी सेन्सेक्सवर. चार कंपन्यांचा चार ठिकाणचा बीटा उचलून सरासरी काढली तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. स्वतः काढा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

4. कर्जाचा असर बाहेर काढा (इथं सगळ्यात जास्त गडबड होते)

शेअरच्या बीटात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक धंद्याची रिस्क आणि दुसरी कर्जाची. कर्ज जास्त असलं की व्याज आधी भरावं लागतं, उरलेला नफा जास्त हलतो, म्हणून बीटा वाढतो. आपल्याला फक्त धंद्याची रिस्क उसनी पाहिजे, त्यांचं कर्ज नको. म्हणून अनलिव्हर करायचं. हमादांचा 1972 चा फॉर्म्युला सगळे वापरतात:

```
beta_U = beta_L / (1 + (1 − t) × D/E)
```

यात beta_L म्हणजे कर्जासकट बीटा, beta_U म्हणजे कर्ज काढून टाकलेला, D/E म्हणजे कर्ज भागिले इक्विटी आणि t म्हणजे टॅक्स. टॅक्स मी 25 टक्के धरलाय, कंपनीनं सवलती सोडून कमी दराचा पर्याय घेतला असेल तर सरचार्ज आणि सेस धरून 25.17 येतो, फरक पडत नाही. चार कंपन्यांचं असं आलं:

| कंपनी | बीटा | D/E | अनलिव्हर्ड बीटा |
|---|---|---|---|
| पहिली | 1.20 | 0.30 | 0.98 |
| दुसरी | 1.50 | 0.60 | 1.03 |
| तिसरी | 0.95 | 0.10 | 0.88 |
| चौथी | 1.30 | 0.40 | 1.00 |

गंमत बघा, वरचे बीटा 0.95 ते 1.50 असे लांब लांब होते, कर्ज काढल्यावर सगळे एकच्या आसपास जमले. असं जमलं की समजायचं आपण कंपन्या बरोबर निवडल्या. नाही जमलं, एक 0.5 आणि एक 1.4 आली, तर परत पायरी 2 वर जा, कुठलीतरी कंपनी दुसराच धंदा करतेय. मी मधला आकडा घेतला, 0.99.

आता गडबड कुठं होते ते. या D/E मधला E म्हणजे मार्केट कॅप, बॅलन्स शीटवरची नेटवर्थ नाही. कर्जासाठी बँकेला द्यायच्या सीएमए डेटाची सवय असलेला माणूस हात सरळ नेटवर्थकडंच नेतो, मीही नेला होता. पहिल्या कंपनीचा शेअर बुक व्हॅल्यूच्या चौपट भावाला चालतो, म्हणजे मार्केटवर D/E 0.30 असेल तर बुकवर 1.20 दिसतो. बुकचा टाकला तर 1.20 भागिले 1.90, अनलिव्हर्ड बीटा 0.63 येतो, 0.98 च्या ऐवजी. धंद्याची एक तृतीयांश रिस्क कागदावरच गायब. पुढं याचा निकालावर काय परिणाम होतो ते सांगतो.

कर्जाचा आकडा मात्र बॅलन्स शीटवरचा चालतो, कारण कर्जाची बाजारातली किंमत त्याच्या फार लांब नसते, कंपनी अडचणीत नसेल तर.

5. आपल्या प्रोजेक्टचं कर्ज परत चढवा

प्रोजेक्ट 40 कोटींचा, टर्म लोन 16 कोटी, स्वतःचे 24 कोटी. D/E 0.667. फॉर्म्युला उलटा:

0.99 × (1 + 0.75 × 0.667) = 0.99 × 1.5 = 1.485

इथं मूळ कंपनीचा D/E टाकायचा नाही. आमच्या पशुखाद्याला 0.2 आहे, तो टाकला असता तर कर्जाची रिस्क परत निम्म्याहून जास्त गळाली असती.

आणि एक खाच आहे. टर्म लोन दरवर्षी फिटत जातं, म्हणजे 0.667 पहिल्या वर्षाचा, सातव्या वर्षी जवळजवळ शून्य. सगळी दहा वर्षं 1.485 धरणं म्हणजे थोडं कडक होतं. मी दोन्ही टोकं काढली, एकदा 0.667 वर आणि एकदा सरासरी 0.30 धरून. 0.30 वर बीटा 1.21 येतो. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये.

6. रिस्क-फ्री आणि मार्केट प्रीमियम, यात फार वेळ घालवू नका पण जोडी मोडू नका

प्रोजेक्ट दहा वर्षांचा आणि रुपयात आहे म्हणून 10 वर्षांचा सरकारी रोखा. 91 दिवसांची ट्रेझरी बिल नको, एफडीचा दर नको, डॉलरचा दर तर अजिबात नको. मी 7 टक्के धरला.

मार्केट प्रीमियम 6.5 टक्के धरला. यावर विद्वानांतही वाद आहे, कुणी 5 म्हणेल कुणी 8, आणि तुम्ही-आम्ही तो वाद मिटवू शकत नाही. एवढंच बघा की प्रीमियम ज्या रिस्क-फ्री वर मोजलाय तोच रिस्क-फ्री तुम्ही वापरताय, आणि इंडेक्सचा परतावा डिव्हिडंड धरून घेतलाय.

मग:

- कंपनीचा बीटा लावून: 7 + 0.70 × 6.5 = 11.55 टक्के
- प्रोजेक्टचा, D/E 0.667: 7 + 1.485 × 6.5 = 16.65 टक्के
- प्रोजेक्टचा, D/E 0.30: 7 + 1.21 × 6.5 = साधारण 14.9 टक्के

7. वरनं अजून रिस्कचे टक्के चढवू नका

हे वेगळं लिहितोय कारण आमच्या कन्सल्टंटनी केलं होतं. "नवीन प्लांट आहे, सॅम्पल अप्रूव्हल लांबेल, मशीन बंद पडेल, म्हणून 3 टक्के वाढवा." ऐकायला बरोबर वाटतं. पण सॅम्पल पास व्हायला सहा महिने उशीर झाला तर त्याचा शेअर बाजाराशी काय संबंध? शेअरहोल्डर दहा कंपन्यांत पैसा ठेवून ही रिस्क पुसून टाकतो, त्याचा जादा परतावा बाजार देत नाही.

पण याचा अर्थ सोडून द्यायचं असंही नाही. उशीर होणार असेल तर पहिल्या वर्षाची विक्री कमी दाखवा, रिजेक्शन 4 च्या ऐवजी 9 टक्के दाखवा, म्हणजे कॅश फ्लोमध्ये घ्या. प्रोजेक्ट रिपोर्टमधले आकडे बहुतेक वेळा "सगळं नीट झालं तर" असे असतात, आणि ते तसेच ठेवून दर वाढवणं हा आळस आहे. दर दरवर्षी चक्रवाढीनं कापतो, त्यामुळं पहिल्या वर्षीच्या अडचणीची शिक्षा दहाव्या वर्षाला होते.

एक रिस्क मात्र खरंच बीटात यायला पाहिजे आणि उसन्या आकड्यात पूर्ण येत नाही, ती म्हणजे फिक्स्ड खर्च. डाय कास्टिंगला मशीन महाग, भट्टी चालू ठेवावी लागते, माणसं ट्रेन केलेली सोडता येत नाहीत. जुन्या मोठ्या कंपनीपेक्षा आपल्या नवीन प्लांटमध्ये विक्रीच्या मानानं फिक्स्ड खर्च जास्त असेल तर मंदीत आपला नफा जास्त पडणार, म्हणजे खरा बीटा 0.99 च्या वर. याचा पक्का फॉर्म्युला मी वापरत नाही, मी फक्त चारमधल्या वरच्या आकड्यानं, 1.03 नं एकदा गणित करून बघतो.

8. आता निकाल, आणि उलटं गणित

आमच्या केसमध्ये व्याज, हप्ते, टॅक्स सगळं जाऊन शेअरहोल्डरला दरवर्षी 4.6 कोटी उरत होते, 10 वर्षं, 24 कोटी घालून. (हप्ते फिटल्यावर रक्कम वाढते, इथं सोपं करायला सारखी केली आहे.) हा इक्विटीचा कॅश फ्लो आहे म्हणून कॉस्ट ऑफ इक्विटीनंच कापायचा. तुमच्याकडं व्याजाआधीचा कॅश फ्लो असेल तर डब्ल्यूएसीसी, म्हणजे कर्ज आणि इक्विटी दोन्ही धरून काढलेला सरासरी दर, लागतो, तिथं नुसता कॉस्ट ऑफ इक्विटी लावला तर चांगला प्रोजेक्टही मरेल.

- 11.55 टक्क्यानं: किंमत 26.5 कोटी, म्हणजे प्लस 2.5 कोटी
- 14.9 टक्क्यानं: मायनस 0.8 कोटी
- 16.65 टक्क्यानं: मायनस 2.3 कोटी

त्याच 4.6 कोटींवर, नुसता दर बरोबर लावल्यावर, प्लसचं मायनस झालं.

या प्रोजेक्टचा इक्विटी आयआरआर, म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो, 14 टक्के येतो. मग उलटं विचारा, की 14 टक्के कॉस्ट ऑफ इक्विटी यायला बीटा किती पाहिजे? 14 मधनं रिस्क-फ्रीचे 7 वजा, उरले 7, भागिले 6.5, म्हणजे 1.08. मीटिंगमध्ये हाच आकडा ठेवा. प्रीमियम 6 का 7 यावर तास घालवण्यापेक्षा "ऑटो कास्टिंग, कर्ज घेऊन, बीटा 1.08 च्या खाली असेल असं कुणाला वाटतं का?" हा प्रश्न धंदा कळणाऱ्या माणसाला लगेच कळतो.

आता पायरी 4 मधली बुक व्हॅल्यूची चूक आठवा. 0.63 धरून परत कर्ज चढवलं तर बीटा 0.95, दर साधारण 13.2 टक्के, म्हणजे 14 च्या खाली, आणि प्रोजेक्ट पास. सगळ्या पायऱ्या केल्या, फक्त एका ठिकाणी मार्केट कॅपच्या जागी नेटवर्थ घातली, आणि निकाल फिरला. म्हणून दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट तपासताना मी आधी तोच कॉलम बघतो.

एक मर्यादा सांगायलाच पाहिजे. सीएपीएम धरून चालतं की शेअरहोल्डरचा पैसा पुष्कळ ठिकाणी विभागलेला आहे. आमची कंपनी लिस्टेड आहे म्हणून ते चालून गेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या घरच्या वर्कशॉपमध्ये दोन भावांचं घर, शेत, सोनं सगळं एकाच प्लांटला लावलं असेल तर त्यांना सॅम्पल अप्रूव्हलची रिस्कही पुसता येत नाही, त्यांच्यासाठी 16.65 हा कमीत कमी आकडा समजायचा, तेवढ्यावर थांबायचं नाही.

आमच्याकडं पुढं झालं असं की प्रोजेक्ट लगेच मंजूर झाला नाही. आण्णांनी विचारलं की प्लस व्हायला वर्षाला किती उरायला पाहिजेत. 16.65 टक्क्याला दहा वर्षांचा फॅक्टर 4.72 येतो, 24 भागिले 4.72, म्हणजे साधारण 5.1 कोटी. 4.6 वरनं 5.1 वर जायला पार्टला किलोमागं किती जादा मिळायला पाहिजे ते प्रॉडक्शनच्या माणसांनी काढलं, आणि तो भाव घेऊन मार्केटिंगवाले ग्राहकाशी बोलायला पुण्याला गेले.